मराठीतून विचार, इंग्रजीतून लेखन : एका खर्ड्याची दुरुस्ती

दिवाळीच्या सुटीत खडवलीस आमच्या घरी एक तरुण आपल्या प्रबंधाचा कच्चा खर्डा घेऊन आला. मुलगा याच भागातला. शाळेचे सारे शिक्षण मराठीतून झालेले. पुढे रसायनशास्त्र घेऊन तो पदवीधर झाला व आता एम. एस्‌सी.च्या परीक्षेसाठी भातसा नदीकाठच्या विहिरींच्या पाण्यावर प्रबंध लिहीत होता. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना टिटवाळ्याच्या पुढे खडवलीचे स्थानक लागते, आणि तेथून नदी फार दूर नाही, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच. या टापूतील बारा विहिरींचे पाणी त्याने 2024 सालच्या मे महिन्यात तपासले होते, व जूनमधील पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा तपासले होते. काम मनापासून केलेले दिसत होते. तथापि मार्गदर्शकांनी खर्ड्याच्या पहिल्याच पानावर तांबड्या शाईने ‘इंग्रजी सुधारा’ एवढे दोनच शब्द लिहून तो परत केला होता.

“गुरुजी, काय सुधारू तेच कळत नाही,” तो म्हणाला. “प्रत्येक शब्द कोशात पाहून लिहिला आहे.”

त्याचे म्हणणे खरे होते. खर्ड्यात एकही शब्द चुकीचा लिहिलेला नव्हता. तरीही दोन पाने वाचताच माझी चाल अडखळू लागली. मी खर्डा बाजूस ठेवला व त्यास म्हटले, “तू काय केलेस ते मला आता मराठीत सांग.” त्याने ते इतक्या स्वच्छ मराठीत सांगितले की, मला ऐकून संतोष वाटला, आणि त्याबरोबरच खर्ड्याचे दुखणेही उमगले. खर्ड्यातील प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे असे एकेक निर्दोष मराठी वाक्य उभे होते. मुलाने चुका केल्या नव्हत्या; त्याने मराठीचे नियम इंग्रजीत प्रामाणिकपणे पाळले होते. अशा लेखनावर नुसत्या तांबड्या रेघा ओढून उपयोग होत नाही. वाक्यामागचे मराठी वाक्य शोधून काढावे, दोन्ही भाषांची वाट कोठे फुटते ते पाहावे, आणि मग लेखणी उचलावी, हाच मार्ग बरा. आम्ही दोघांनी त्या दिवशी हेच केले. त्यातील काही भाग येथे देतो. मराठी विभागाची ही पाने असल्यामुळे इंग्रजी वाक्येही देवनागरीतच लिहिली आहेत. वाचकांनी ती मोठ्याने वाचावी, म्हणजे अडचण पडणार नाही.

पहिले वाक्य असे होते : ‘ऑन द रोड गोइंग फ्रॉम द स्टेशन टू द रिव्हर सिच्युएटेड वेल्स वॉटर वॉज बाय मी टेस्टेड.’ यामागचे मराठी वाक्य आपणांस लगेच ऐकू येईल : ‘स्थानकापासून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विहिरीचे पाणी मी तपासले.’ मराठीत हे वाक्य किती सुरेख आहे! यातील शब्दांची साखळी पाहा. स्थानक, नदी, रस्ता, विहीर, पाणी, तपासले. आता तेच इंग्रजीत नीट लिहू : ‘आय टेस्टेड द वॉटर ऑफ द वेल ऑन द रोड फ्रॉम द स्टेशन टू द रिव्हर.’ येथील साखळी अशी : तपासले, पाणी, विहीर, रस्ता, स्थानक, नदी. शेवटची जोडी सोडली तर हे मराठी वाक्याचे आरशातील प्रतिबिंबच होय. ‘स्थानकापासून’ व ‘नदीकडे’ ही दोन्ही पदे ‘जाणाऱ्या’ या एकाच शब्दाला सारख्या नात्याने जोडलेली आहेत, एकमेकांना नाहीत. म्हणून त्यांचा आपसातील क्रम उलटत नाही. बाकी सारे उलटते.

असे का व्हावे? मराठीत विशेषण लहान असो वा लांबलचक, ते नामाच्या आधीच येते. ‘च्या’, ‘वरील’, ‘णाऱ्या’, ‘लेल्या’ असे प्रत्यय लावून आपण कितीही मोठी माळ नामापूर्वी ओवू शकतो, आणि क्रियापद सर्वांच्या शेवटी बसते. इंग्रजीत एकेरी विशेषण नामाच्या आधी येते खरे. परंतु विशेषण दोन-तीन शब्दांचे झाले की ते नामाच्या मागून येते, आणि क्रियापद कर्त्याला चिकटून उभे राहते. यात दुसरेही एक कारण गुंतलेले आहे. आपण ‘रामाने रावणास मारले’ म्हणा की ‘रावणास रामाने मारले’ म्हणा, मारणारा रामच राहतो. कारण ‘ने’ आणि ‘स’ हे प्रत्यय प्रत्येकाचे काम सांगत असतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहीत. तेथे जागा हीच विभक्ती. क्रियापदाच्या आधी जो उभा तो कर्ता, नंतर जो उभा ते कर्म. म्हणून मराठी श्रोता क्रियापदाची वाट शांतपणे पाहू शकतो, पण इंग्रजी वाचकाला क्रियापद हाती येईपर्यंत कोण काय करीत आहे हे नक्की कळतच नाही. दहा-बारा शब्द झाले तरी क्रियापद आले नाही म्हणजे तो वाक्याच्या आरंभी परत जातो. पानभर असे झाले की ‘इंग्रजी सुधारा’ असा शेरा पडतो.

(उलट प्रवास करणाऱ्यांचीही हीच गत होते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूर येथे छापले गेले. तेव्हापासून मराठी शिकू पाहणारे इंग्रज थोडे झाले नाहीत. त्यांच्यापैकी एखादा नवशिका ‘मी तपासले पाणी विहिरीचे रस्त्यावरील’ असे म्हणाला असता, तर आपण हसलो असतो. आपल्या मुलाचे इंग्रजी वाक्य वाचताना इंग्रज हसत असेल तर ते याच कारणाने.)

दुरुस्तीची रीत मी त्यास पुढीलप्रमाणे सांगितली. आधी मराठी वाक्य मनात पुरे होऊ द्यावे. ते दडपून टाकण्याचा खटाटोप करू नये. मग त्याच्या शेवटच्या शब्दावर, म्हणजे क्रियापदावर बोट ठेवावे व विचारावे, हे कोणी केले? उत्तर येईल ते प्रथम लिहावे, त्याला लागून क्रियापद लिहावे, आणि तेथून मराठी वाक्यात एकेक पाऊल मागे सरकत पुढचे शब्द मांडावे. क्रियापद, मग त्याचे कर्म, मग कर्माचे विशेषण, मग त्या विशेषणाचे विशेषण. काळ दाखविणारे पद मात्र या नियमात सापडत नाही. ‘इन मे 2024’ हे शब्द इंग्रजीत वाक्याच्या आरंभी खुशाल राहू शकतात. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ही युक्ती हाती आली की पोरे उत्साहाच्या भरात सगळेच उलटे करू लागतात. आणि उलटताना ‘ऑफ’ चार-पाच वेळा आला, तर ते वाक्य उलटण्याजोगे नसून तोडण्याजोगे आहे असे समजावे. मराठीत जे एका माळेत शोभते, त्याची इंग्रजीत पुष्कळदा दोन वाक्ये करावी लागतात.

‘जो’ आणि ‘तो’ या जोडीचे वेगळेच बंड असते. खर्ड्यात होते : ‘व्हिच वेल्स आर निअर द रिव्हर, इन देअर वॉटर द सॉल्ट वॉज लेस.’ ‘ज्या विहिरी नदीजवळ आहेत, त्यांच्या पाण्यात क्षार कमी होते.’ आपण आधी ‘ज्या’ म्हणून विहिरी निवडतो, आणि मग ‘त्यां’कडे वळतो. इंग्रजीला हे दोन टप्पे नको असतात. ‘द वेल्स निअर द रिव्हर हॅड लेस सॉल्ट इन देअर वॉटर.’ ज्या-त्या दोन्ही गळाले, आणि अर्थ रतिभरही कमी झाला नाही.

‘च’ या चिमुकल्या अक्षरामुळे मात्र अर्थच बदलून गेला होता. त्याने लिहिले होते : ‘इन द मॉर्निंग ओन्ली आय टुक द सॅम्पल्स.’ मी विचारले, “म्हणजे दुपारी किंवा सायंकाळी एकदाही घेतले नाहीस?” तो म्हणाला, “तसे नव्हे. सायंकाळीही घेतले. पण सकाळीच गेलो होतो, म्हणजे लवकर, ऊन चढण्यापूर्वी.” आता पाहा, मराठी ‘च’ दोन कामे करतो. ‘एकच विहीर’ यात तो बाकीच्यांना वगळतो. ‘सकाळीच गेलो’ यात तो कोणालाही वगळीत नाही, केवळ त्या वेळेवर भर देतो. इंग्रजी ‘ओन्ली’ मात्र वगळण्याचे काम करतो. परीक्षकाने हे वाक्य वाचून सायंकाळच्या पाण्याविषयी शंका घेतली असती, तर दोष कोणाचा? त्या जागी ‘अर्ली इन द मॉर्निंग’ लिहिले व सायंकाळची नोंद पुढील वाक्यात घातली. खर्ड्यात जेथे जेथे ‘ओन्ली’ आला असेल तेथे तेथे, मी कोणाला वगळीत आहे काय, हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर नाही असे आले, तर तो शब्द काढून टाकावा. त्याच्या जागी बहुधा काहीच लागत नाही.

येथवर शब्दांच्या क्रमाची गोष्ट झाली. काळाचा घोळ याहून चिवट असतो, कारण क्रम चुकला तर वाचक अडखळतो, पण काळ चुकला तर तो न अडखळता भलताच अर्थ घेऊन पुढे जातो.

खर्ड्याचे दुसरे पान या वाक्याने सुरू होत होते : ‘इन मे 2024 आय हॅव कलेक्टेड वॉटर फ्रॉम ट्वेल्व्ह वेल्स.’ मराठीत ‘मे 2024 मध्ये मी बारा विहिरींचे पाणी गोळा केले आहे’ असे म्हणण्यास कोणाची हरकत नाही. आपल्या ‘आहे’चा रोख काम पुरे झाले व त्याचे फळ हाती आहे, यावर असतो, त्याच्याबरोबर साल-तारीख आली तरी चालते. इंग्रजीचा ‘हॅव’ सोवळा आहे. त्याला वर्तमानाशी जोडलेला काळ हवा. काल, गेल्या मे महिन्यात, 2024 साली, असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ने बाजूस व्हावे व साधा भूतकाळ यावा : ‘इन मे 2024 आय कलेक्टेड वॉटर फ्रॉम ट्वेल्व्ह वेल्स.’ तारीख नसेल आणि आजवर एवढे झाले असे म्हणावयाचे असेल, तर मात्र ‘हॅव’ योग्यच आहे. म्हणून खर्ड्यातील प्रत्येक ‘हॅव’पाशी थांबावे व त्या वाक्यात संपलेली वेळ सांगितली आहे काय, एवढेच पाहावे.

‘होता’ने केलेला गोंधळ याच्या जोडीचा. ‘ऑन द सेकंड डे आय हॅड गॉन अगेन टू द सेम वेल अँड मेझर्ड द टेम्परेचर.’ ‘दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच विहिरीवर गेलो होतो व तापमान मोजले.’ मराठीत जी गोष्ट होऊन मागे पडली तिला आपण सहज ‘होता’ लावतो. ‘काल मी कल्याणला गेलो होतो’ असे म्हणणाऱ्याला, कशाच्या आधी, असे कोणी विचारीत नाही. इंग्रजीत ‘हॅड’ दिसला की वाचक नेमका हाच प्रश्न मनात विचारतो. कारण तेथे ‘हॅड’ म्हणजे भूतकाळातील एका गोष्टीच्या आधी घडलेली दुसरी गोष्ट. वरील वाक्य वाचून त्याला वाटते की, विहिरीवर जाणे कशाच्या तरी पूर्वी झाले, आणि ती ‘कशाची तरी’ गोष्ट तो पुढील ओळीत शोधू लागतो. ती तेथे नसते. मी त्या मुलास खर्ड्यातील सर्व ‘हॅड’ मोजावयास सांगितले. दोन पानांत अकरा निघाले. प्रत्येकापुढे ‘कशाच्या आधी?’ असे विचारीत गेलो, तेव्हा उत्तर एकाच ठिकाणी सापडले : ‘व्हेन आय रीच्ड द थर्ड वेल, इट हॅड ड्राइड अप.’ मी पोचण्यापूर्वीच विहीर आटली होती. तो ‘हॅड’ ठेवला. बाकीचे दहा साध्या भूतकाळात गेले.

गावकऱ्यांचे म्हणणे त्याने असे उतरविले होते : ‘द व्हिलेजर्स टोल्ड दॅट अवर वेल्स ड्राय अप इन एप्रिल.’ मराठीत ‘गावकऱ्यांनी सांगितले की, आमच्या विहिरी एप्रिलमध्ये आटतात’ असे आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. ‘की’ हा शब्द जणू नुसते दार उघडतो, आणि आत मूळ माणूसच बोलू लागतो. इंग्रजीत ‘दॅट’ आला की बोलणारा बदलतो. आता लेखक बोलत असतो, आणि ‘अवर वेल्स’ म्हणजे लेखकाच्या विहिरी ठरतात. शिवाय ‘टोल्ड’ला कोणाला सांगितले ते लागते. म्हणून ‘द व्हिलेजर्स टोल्ड मी दॅट देअर वेल्स ड्राइड अप इन एप्रिल’ असे मी सुचविले. त्यावर तो मुलगा म्हणाला, “पण गुरुजी, ‘ड्राइड’ म्हटल्यावर फक्त याच वर्षी आटल्या असेही वाटेल. त्या तर दरवर्षी आटतात.” शंका अगदी बिनतोड होती. सांगणे भूतकाळी झाले असले तरी सांगितलेली गोष्ट आजही चालू असेल, तर इंग्रजी वर्तमानकाळास मोकळीक देते. ‘देअर वेल्स ड्राय अप एव्हरी एप्रिल’ असे लिहिले, आणि शिष्याने गुरूला सुधारल्याचा आनंद त्याच्या मुद्रेवर दिसला.

यावरूनच आम्ही खऱ्या दुखण्यापाशी आलो. शाळेतील मुलांनी गोष्ट सांगताना पाहावे. ‘मग मी विहिरीवर जातो, बादली सोडतो, तर पाणी गढूळ!’ घडून गेलेली गोष्ट डोळ्यांपुढे उभी करण्यासाठी आपण वर्तमानकाळ वापरतो. व्याकरणात यास ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. कथेत तो शोभतो. आमच्या या पदवीधराने प्रयोगाचे वर्णन भूतकाळात आरंभिले, आणि लिहिता लिहिता प्रयोग पुन्हा डोळ्यांपुढे आल्यावर न कळत वर्तमानात शिरला. त्याचा परिच्छेद येथे जसाच्या तसा देतो :

‘आय वेंट टू द वेल आफ्टर द फर्स्ट रेन. आय लोअर द बॉटल टू वन मीटर अँड फिल इट. द वॉटर इज मड्डी. आय टुक इट टू द लॅबोरेटरी. आफ्टर रेन द सॉल्ट इन द वेल्स डिक्रीझेस.’

गेलो, सोडतो, भरतो, गढूळ आहे, नेले, कमी होतात. असा हा काळ भूतातून वर्तमानात व पुन्हा भूतात वाहत जातो. हे ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय असा की, परिच्छेदातील बाकी सारे झाकून नुसती क्रियापदे एकाखाली एक लिहावी. वाक्य वाचताना मन अर्थामागे धावते व काळाकडे दुर्लक्ष होते. क्रियापदे एकटी उभी केली की त्यांची बेबंद रांग आपोआप दिसते. आम्ही ती कागदाच्या समासात लिहिली, आणि प्रत्येकापुढे एकच अक्षर घातले. ही गोष्ट मी त्या दिवशी केली अथवा पाहिली असेल तर ‘भू’. ही गोष्ट मी असो वा नसो, नेहमीच खरी असेल तर ‘व’. विहिरीवर जाणे, बाटली सोडणे, ती भरणे, पाण्याचे गढूळपण, प्रयोगशाळेत नेणे, या पाचही गोष्टींपुढे त्याने न अडखळता ‘भू’ लिहिले. म्हणजे पहिली चार वाक्ये अशी झाली :

‘आय वेंट टू द वेल आफ्टर द फर्स्ट रेन. आय लोअर्ड द बॉटल टू वन मीटर अँड फिल्ड इट. द वॉटर वॉज मड्डी. आय टुक इट टू द लॅबोरेटरी.’

सगळे भूतकाळात ढकलून द्यावे असा मात्र याचा अर्थ नव्हे, आणि पहिली चूक सुधारू जाणारे दुसरी चूक येथेच करतात. त्याच्याच पुढच्या पानावर ‘वॉटर डिझॉल्व्हज सॉल्ट’ असे होते. पाणी मीठ विरघळविते, हे मे महिन्यात खरे होते तसे आजही आहे. तेथे ‘व’ पाहिजे. ‘टेबल टू शोज द रिझल्ट्स’ यातही वर्तमानच ठेवला, कारण कोष्टक त्या पानावर आहे तोवर ते दाखवीतच राहणार. दुसऱ्या ग्रंथकाराचे मत सांगताना कोणता काळ घ्यावा याविषयी निरनिराळ्या विषयांत निरनिराळे संकेत आहेत, तेव्हा तेथे आपल्या मार्गदर्शकांची रीत पाहावी व ती सबंध प्रबंधभर सारखी ठेवावी.

राहिले शेवटचे वाक्य : ‘आफ्टर रेन द सॉल्ट इन द वेल्स डिक्रीझेस.’ त्याने लेखणी उचलली व ‘व’ लिहिले. मग थोडा थांबला व ते खोडून ‘भू’ लिहिले. पुन्हा थांबला.

“पाऊस पडला की क्षार कमी होतात, असे आपण म्हणतोच ना?” त्याने विचारले.

“आपण म्हणतो,” मी म्हटले. “पण तू काय पाहिलेस?”

मराठीतील ‘पाऊस पडला की क्षार कमी होतात’ या वाक्यात अनुभव आणि नियम एकमेकांत मिसळून गेलेले असतात. गप्पांत ते चालते. इंग्रजी प्रबंधात मात्र ‘डिक्रीझेस’ लिहिणे म्हणजे कोणत्याही वर्षी, कोणत्याही पावसानंतर, सर्व विहिरींत असे घडते, अशी प्रतिज्ञा करणे होय. ‘डिक्रीज्ड’ लिहिणे म्हणजे मी मोजले त्या वेळी, मोजलेल्या विहिरींत असे घडले, एवढेच सांगणे. एका अक्षराच्या फरकाने दाव्याचे आकारमान बदलते. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके येथेच बोट ठेवतात, आणि मुलगा समजतो की आपल्या इंग्रजीस हसत आहेत. वस्तुतः त्यांनी विचारलेला प्रश्न रसायनशास्त्राचा असतो. पालकांपैकी जे ‘आमच्या मुलाचे इंग्रजी कच्चे’ म्हणून हळहळतात, त्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा. या मुलाने पाऊस एकच पाहिला होता. तेव्हा ‘भू’ पाहिजे, यात शंका उरली नाही.

क्रियापद सुधारताच कर्ताही डळमळू लागला. ‘द सॉल्ट इन द वेल्स डिक्रीज्ड’ असे लिहून तो म्हणाला, “गुरुजी, ‘द वेल्स’ म्हणजे बाराही झाल्या. पण तिसरी तर मे महिन्यातच आटली होती. आणि पावसानंतर नदीकाठच्या दोन विहिरींवर चिखलामुळे मला जाताच आले नाही.” म्हणजे दोन्ही वेळा मोजलेल्या विहिरी नऊ. त्या नऊही विहिरींत क्षार उतरले होते काय? त्याला वाटत होते की आठांत उतरले व एकीत किंचित चढले. पण नक्की आठवेना. नोंदवही कल्याणच्या खोलीवर राहिली होती.

आम्ही ते वाक्य असे लिहिले : ‘आफ्टर द फर्स्ट रेन ऑफ जून 2024 द सॉल्ट डिक्रीज्ड इन … ऑफ द नाइन वेल्स टेस्टेड अगेन.’ मधली जागा मोकळी सोडली. चहा घेऊन तो सायंकाळच्या गाडीने कल्याणास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला : सात.